नव्वद सेकंद तुटलेली लिंक: एकाच डेटाबेसमधली खतावणी आणि फीड

वितरित डेटाबेसबद्दल वाचताना एक वाक्य हमखास भेटतं: बँकेला सुसंगती हवी, सोशल मीडियाला उपलब्धता. वाक्य खोटं नाही. पण ते तेवढ्यावर सोडलं, तर बँकेच्या बाजूचेही निर्णय चुकतात आणि फीडच्या बाजूचेही. म्हणून इथे एकच प्रसंग घेऊन तो सेकंदासेकंदाने तपासला आहे. प्रसंग रचलेला आहे, पण त्यातलं डेटाबेसचं वागणं कॅसँड्रासारख्या खऱ्या प्रणालींमधलं आहे.

मांडणी अशी. एका ॲपमध्ये लोक पोस्ट टाकतात आणि त्याच ॲपमध्ये त्यांची पैशांची खातीही आहेत. सगळी माहिती एका क्लस्टरमध्ये, प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती. दोन प्रती अ या डेटा सेंटरमध्ये, तिसरी दूरच्या ब मध्ये. दोन्हीकडे ॲपचे सर्व्हर आहेत आणि प्रत्येक वापरकर्ता जवळच्या सेंटरला जोडला जातो. १०:००:०० वाजता अ आणि ब यांच्यातली लिंक तुटते आणि १०:०१:३० ला परत जुळते. या दीड मिनिटात एकही मशीन बंद पडत नाही. दोन्ही बाजू जिवंत आहेत, विनंत्या येतच आहेत, फक्त एकीला दुसरीचं ऐकू येत नाही.

एरिक ब्रूअर यांनी २००० साली मांडलेलं आणि सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी २००२ साली सिद्ध केलेलं कॅप प्रमेय नेमकं याच दीड मिनिटाबद्दल बोलतं. त्यातल्या सुसंगतीचा अर्थ कडक आहे: एक लेखन पूर्ण झालं की त्यानंतरचं प्रत्येक वाचन, ते कुठल्याही नोडवर होवो, तेच किंवा त्याहून ताजं मूल्य देईल. जणू एकच प्रत आहे. उपलब्धतेचा अर्थही कडक आहे: चालू असलेल्या प्रत्येक नोडने आलेल्या विनंतीला खरं उत्तर द्यायचं, ‘नंतर या’ म्हणायचं नाही. लिंक तुटलेली असताना ब वर लेखन आलं, तर ब ने ते स्वीकारलं की अ वरचं वाचन शिळं ठरतं, आणि नाकारलं की उपलब्धता गेली. तिसरी वाट नाही.

सुसंगती, उपलब्धता आणि पार्टिशन म्हणजे अशी तुटलेली लिंक सोसणं, या तीन गुणांतले कुठलेही दोन निवडा, अशी या प्रमेयाची जी लोकप्रिय मांडणी आहे, तिने बराच गोंधळ केला आहे. ती दिशाभूल करते हे ब्रूअर यांनी स्वतः २०१२ मध्ये लिहिलं. लिंक तुटणं ही आपण निवडायची गोष्ट नाही, ती आपल्यावर येऊन आदळते. निवड उरते ती फक्त त्यानंतर काय करायचं याची. आणि ती निवड अख्ख्या डेटाबेससाठी एकदाच करावी लागत नाही, प्रत्येक क्रियेसाठी वेगळी करता येते. पुढचा सगळा हिशेब याच मुद्द्याचा आहे.

आता खतावणी. एका संयुक्त खात्यात १०,००० शिल्लक आहेत. एक खातेदार अ कडे जोडलेली आहे, दुसरा ब कडे. १०:००:२० ला पहिली ७,००० काढते. १०:००:२५ ला दुसरा ६,००० काढतो.

समजा टेबलात फक्त शिल्लक हा एक आकडा ठेवला आहे आणि लेखन `ONE` या पातळीवर आहे, म्हणजे एका प्रतीने होकार दिला की काम झालं. अ बाजू १०,००० वाचते, ३,००० लिहिते. ब बाजूही १०,००० वाचते आणि ४,००० लिहिते. दोघांना पैसे मिळतात. १०:०१:३० ला लिंक जुळते, प्रती एकमेकींशी बोलतात आणि एकाच खान्यात दोन वेगळी मूल्यं आढळतात. कॅसँड्राचा नियम साधा आहे: ज्या लेखनाचा टाइमस्टँप नंतरचा, ते टिकतं. म्हणून तिन्ही प्रती ४,००० वर येतात.

इथे ‘सगळ्या प्रती शेवटी एकसारख्या होतील’ हे इव्हेंच्युअल कन्सिस्टन्सीचं वचन तंतोतंत पाळलं गेलं आहे. तिन्ही प्रती एकमताने चुकीच्या आहेत. खात्यातून १३,००० बाहेर गेले, खरी शिल्लक उणे ३,००० असायला हवी, आणि डेटाबेस ४,००० सांगतो. ७,००० चा व्यवहार कुठलीही खूण न ठेवता पुसला गेला. ब चं घड्याळ दहा सेकंद मागे असतं तर ३,००० टिकले असते आणि ६,००० चा व्यवहार पुसला गेला असता. खात्यात किती उरलं हे घड्याळाच्या चुकीवर ठरणं मला या प्रसंगातली सगळ्यात गंभीर गोष्ट वाटते. खातं उणे जाणं हा बँकेच्या ओळखीचा प्रश्न आहे, त्यावर नियम आहेत, वसुली आहे. पण उणे गेल्याचं कळूच नये, याला उपाय नाही.

हाच प्रसंग खतावणीच्या जुन्या पद्धतीने लिहून पाहू. शिल्लक हा आकडा बदलत बसायचं नाही, प्रत्येक व्यवहाराची वेगळी नोंद जोडायची, आणि एकदा केलेली नोंद खोडायची नाही. अ वर `a1` या क्रमांकाची उणे ७,००० ची नोंद होते, ब वर `b1` ची उणे ६,००० ची. लिंक जुळल्यावर दोन्ही नोंदी सगळीकडे पोहोचतात. त्या वेगवेगळ्या ओळी आहेत, त्यामुळे एकीने दुसरीला झाकण्याचा प्रश्नच येत नाही. बेरीज येते उणे ३,०००. मर्यादा ओलांडली गेलीच, पण ती आता दिसते, कोणी कधी कुठून काढले तेही दिसतं, आणि दुरुस्तीची नोंद तिच्यावर करता येते. केवळ माहितीचा आकार बदलल्याने एक न दिसणारी हानी मोजता येणाऱ्या तुटीत बदलली. लेखनाची पातळी अजून `ONE` च आहे, हे लक्षात घ्या.

तूटही नको असेल, तर पातळी वाढवायला हवी. इथे अनेकजण `QUORUM` वर थांबतात: तीनपैकी दोन प्रतींवर लेखन, तीनपैकी दोन प्रतींवरून वाचन, म्हणजे दोन्ही गटांत किमान एक प्रत सामाईक. लिंक तुटलेली असताना ब कडे एकच प्रत आहे, त्यामुळे तिथलं लेखन होणार नाही आणि आपली दुहेरी उचल टळेल. पण लिंक धडधाकट असतानाचं काय? दोन्ही खातेदार एकाच क्षणी शिल्लक वाचतात, दोघांनाही कोरमकडून १०,००० हेच खरं उत्तर मिळतं, दोघंही वजाबाकी करून कोरमने लिहितात. पुन्हा एक व्यवहार पुसला जातो, तोही काहीच बिघडलेलं नसताना. कोरममुळे ताजं मूल्य वाचायला मिळतं, पण वाचन आणि लेखन यांच्या मधल्या फटीत कोणी शिरणार नाही याची हमी त्यातून मिळत नाही. ती हमी अटीसह लेखनाने मिळते, आणि कॅसँड्रात त्यामागे पॅक्सॉस हा सहमतीचा अल्गोरिदम चालतो:

```
BEGIN BATCH
  UPDATE ledger SET balance = 4000
    WHERE acct = 'J-17' IF balance = 10000;
  INSERT INTO ledger (acct, txn, amount)
    VALUES ('J-17', 'b1', -6000) IF NOT EXISTS;
APPLY BATCH;
```

इथे `balance` हा त्या खात्याचा एकच सामाईक स्तंभ आहे आणि प्रत्येक `txn` ही वेगळी ओळ. शिल्लक अजून १०,००० च असेल आणि `b1` आधी नोंदलेला नसेल, तरच दोन्ही गोष्टी एकत्र होतात. नाहीतर `[applied]` खाली `False` येतं. अट तपासणं आणि लिहिणं ही एकच क्रिया झाली, आणि तिला बहुमत लागतं. दीड मिनिटात अ कडे दोन प्रती आहेत, तिथे काम चालू राहतं. ब कडच्या खातेदाराला नकार मिळतो.

एक इशारा इथेच द्यायला हवा. अशा लेखनाला `LOCAL_SERIAL` ही पातळीही देता येते. ती फक्त स्थानिक सेंटरमधल्या प्रतींचं बहुमत मोजते. वेग वाढतो म्हणून ती निवडली, तर ब मधली एकमेव प्रत स्वतःशीच सहमत होते आणि आपण परत दोन खऱ्या शिलकींवर येतो. खात्यांसाठी `SERIAL` च हवी.

त्या नकाराचेही दोन प्रकार आहेत आणि त्यांच्यातला फरक पैशाच्या कामात फार मोलाचा आहे. अ गप्प आहे हे ब च्या नोडला एव्हाना उमगलं असेल, तर ती विनंती पाठवण्याआधीच ‘पुरेशा प्रती उपलब्ध नाहीत’ ही त्रुटी देते. याचा अर्थ निश्चित आहे: व्यवहार झालेला नाही. पण लिंक तुटली त्या क्षणी मार्गावर असलेल्या विनंत्यांना टाइमआउट मिळतो, आणि टाइमआउटचा अर्थ ‘माहीत नाही’ असा आहे. अ वरच्या दोन्ही प्रतींनी लेखन मान्य केलं असेल आणि फक्त होकार परत येताना लिंक तुटली असेल, हे पूर्ण शक्य आहे. ॲपने टाइमआउटला ‘झालं नाही’ समजून, नवी शिल्लक वाचून, नव्या क्रमांकाने परत वजाबाकी केली, तर एकाच उचलीचे पैसे खात्यातून दोनदा कापले जाऊ शकतात. वरच्या कोडमध्ये `b1` आणि `IF NOT EXISTS` आहेत ते यासाठी. व्यवहाराचा क्रमांक खातेदाराच्या फोनवर, पहिल्या प्रयत्नाआधी तयार व्हावा आणि प्रत्येक पुनर्प्रयत्नात तोच जावा. तो आधीच नोंदलेला निघाला, तर ॲपने यश कळवायचं, वजाबाकी करायची नाही.

अर्थात खऱ्या खतावणीत एका खात्यातून गेलेलं दुसऱ्यात जमा व्हावं लागतं, आणि दुसरं खातं वेगळ्या नोड्सवर असतं. वरचा बॅच तिथवर पोहोचत नाही, तो एकाच खात्याच्या ओळींपुरता आहे. म्हणून मुख्य खतावणीसाठी लोक एकाच मुख्य नोडचा रिलेशनल डेटाबेस किंवा गूगलच्या स्पॅनरसारखी, अनेक नोड्सवर पसरलेले व्यवहार हाताळणारी प्रणाली घेतात. स्पॅनर कॅपला चुकवत नाही. पार्टिशन आलं तर ती सुसंगती राखते आणि अल्पमतातली बाजू थांबते. गूगलचं स्वतःचं खासगी जाळं असल्यामुळे असे प्रसंग तिथे विरळ येतात, असं ब्रूअर यांनी २०१७ च्या लेखात सांगितलं आहे.

मग बँक म्हणजे नेहमी सुसंगती, असं म्हणायचं का? नाही. एटीएम आणि कार्डाची यंत्रं मुख्य संगणकाशी संपर्क तुटला तरी लहान रकमेचे व्यवहार ठरावीक मर्यादेपर्यंत मान्य करू शकतात. ही उपलब्धतेची निवड आहे, पण तिची किंमत आधी मोजलेली आहे. आपल्या खात्यात हे आणखी काटेकोर करता येतं. लिंक धड असतानाच १०,००० पैकी २,००० ब च्या ताब्यात द्यायचे आणि ८,००० अ कडे ठेवायचे. दीड मिनिटात ब ने १,५०० चा व्यवहार कोणालाही न विचारता मान्य करावा, ६,००० चा नाकारावा. अ ने ७,००० द्यावेत. दोघांनी कितीही केलं तरी बेरीज शून्याखाली जाऊच शकत नाही, कारण कोणीही दुसऱ्याच्या वाट्याला हात लावत नाही. मोजावं लागतं ते इतकंच की अ कडे कोणी ९,००० मागितले, तर एकूण पैसे असूनही तिला नाही म्हणावं लागेल. ही युक्ती मला फार आवडते. तिने प्रश्न ‘सुसंगती की उपलब्धता’ असा न ठेवता ‘किती रकमेपर्यंत उपलब्धता’ असा केला आहे.

आता त्याच दीड मिनिटात फीडकडे वळू. अ वर एक पोस्ट पडते, ब कडच्या वाचकांना ती दीड मिनिट उशिरा दिसते. कोणाचंही काही जात नाही. इथे `ONE` च योग्य, आणि `QUORUM` लावून ब कडच्या सगळ्यांना रिकामा पडदा दाखवणं हा चुकीचा निर्णय ठरेल. लिंक जुळली की राहून गेलेली लेखनं पोहोचवायला यंत्रणा आहेतच. अ चे नोड ब साठीची लेखनं बाजूला टिपून ठेवतात आणि नंतर पाठवतात. कॅसँड्राच्या मूळ सेटिंगमध्ये ही टिपणं ३ तासांपर्यंत जमा होतात. त्यापलीकडचं प्रतींची तुलना करणाऱ्या `nodetool repair` ने भरून काढावं लागतं.

लाइकचा आकडाही शिल्लकीसारखाच दिसतो, आणि तो एका खान्यात ठेवला तर त्याचंही तेच होतं. दोन्हीकडे ४० होते, अ वर तीन आले, ब वर पाच आले, अ ने ४३ लिहिले, ब ने ४५, आणि तीन लाइक गेले. उपायही तोच: कोणी लाइक केलं त्यांचा संच ठेवायचा आणि जुळताना दोन्ही संच एकत्र करायचे. बेरीज ४८. फरक आहे तो एकाच जागी. लाइकला खालची मर्यादा नाही, ‘शिल्लक पुरेशी आहे का’ असा प्रश्न तिथे विचारावाच लागत नाही. म्हणून लाइक कुणालाही न विचारता स्वीकारता येतात आणि पैसे काढणं येत नाही. बँक आणि सोशल मीडिया यांच्यातली खरी भेग मला इथे दिसते. क्रिया इतर क्रियांच्या ज्ञानाशिवाय बरोबर ठरू शकते का, एवढंच पाहायचं.

ही कसोटी लावली की फीडमधल्याही काही क्रिया खतावणीच्या बाजूला जातात. एक वापरकर्ती १०:००:४० ला एका त्रास देणाऱ्या माणसाला ब्लॉक करते आणि १०:००:५० ला आपल्या मुलांचा फोटो टाकते. ब्लॉक यादी आणि पोस्ट वेगवेगळ्या टेबलांत आहेत. लिंक जुळल्यावर फोटो ब वर आधी पोहोचला आणि ब्लॉक दोन सेकंदांनी, तर त्या दोन सेकंदांत तो माणूस फोटो पाहतो. नंतर सगळ्या प्रती एकसारख्या झाल्या तरी पाहिलेलं पुसलं जात नाही. इथे विलंब चालेल, उलटा क्रम चालणार नाही. उपाय म्हणजे फोटोच्या नोंदीतच ‘ब्लॉक यादीची निदान अमुक आवृत्ती’ असं लिहिणं. ब कडे ती आवृत्ती आलेली नसेल, तर फोटो तूर्त कोणालाच दाखवायचा नाही. गूगलच्या झांझिबार या परवानगी प्रणालीत, जिचं वर्णन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं, याच कारणासाठी मजकुरासोबत असा एक टोकन साठवला जातो.

खोडलेली पोस्ट परत उगवणं हा दुसरा धोका, आणि तो दीड मिनिटाच्या बिघाडात येत नाही, लांबलेल्या बिघाडात येतो. कॅसँड्रात खोडणं म्हणजे ‘हे खोडलं’ अशी खूण लिहिणं. ती खूण `gc_grace_seconds` या मुदतीनंतर, म्हणजे मूळ सेटिंगमध्ये १० दिवसांनी, साफ होऊ शकते. ब ची प्रत त्याहून जास्त काळ बाहेर राहिली आणि दुरुस्ती न करता परत आली, तर तिच्याकडे जुनी पोस्ट आहे आणि अ कडे खूणही नाही, पोस्टही नाही. दुरुस्तीला ती राहून गेलेली पोस्ट वाटते आणि ती सगळीकडे पसरते. इतका काळ बाहेर असलेली प्रत परत जोडायची नसते, रिकामी करून नव्याने भरायची असते.

नेहमीच्या दिवशी फीड किती शिळं असतं, याचं एक चांगलं मोजमाप उपलब्ध आहे. फेसबुकच्या प्रणालीवरच्या २०१५ च्या अभ्यासात, कडक सुसंगती असती तर वेगळं उत्तर मिळालं असतं अशी वाचनं एका प्रकारच्या माहितीसाठी ०.०००४ टक्के निघाली, म्हणजे दहा लाखांत ४. फीडसाठी हे नगण्य आहे. खतावणीसाठी नाही.

निवड आधी केली नाही, तर ती स्वयंचलित फेलओव्हर, म्हणजे बिघाडात मुख्य सर्व्हर आपोआप बदलणारी यंत्रणा, करतो. २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहबच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मुख्य डेटा सेंटरची जोडणी ४३ सेकंद तुटली. उरलेल्या नोड्सनी बहुमत जमवून मायएसक्यूएलचे मुख्य सर्व्हर पश्चिम किनाऱ्यावर हलवले. पूर्वेकडे काही लेखनं अशी झाली होती जी पश्चिमेला पोहोचली नव्हती, आणि पश्चिमेने नवी लेखनं घेणं सुरू केलं. दोन्ही बाजूंकडे दुसरीकडे नसलेली माहिती जमली, त्यामुळे साधं मागे फिरणं शक्य राहिलं नाही. गिटहबने माहिती वाचवण्याला प्राधान्य दिलं आणि सेवा २४ तास ११ मिनिटं अधू राहिली. सर्वाधिक वर्दळीच्या क्लस्टरांपैकी एकात अशी न पोहोचलेली लेखनं ९५४ होती, आणि त्यांचा मेळ नंतर घालावा लागला.

आपल्या प्रसंगातही १०:०१:३० नंतरचं काम उरतंच. खतावणीत प्रत्येक खात्याच्या नोंदींची बेरीज करून ती साठवलेल्या शिलकीशी ताडायची, आणि एकूण नावे व एकूण जमा सारखे आहेत का ते पाहायचं. ज्या विनंत्यांना टाइमआउट मिळाला त्यांची यादी काढून प्रत्येक `txn` `SERIAL` पातळीने वाचायचा. असं वाचन अर्धवट राहिलेलं पॅक्सॉस लेखन आधी पूर्णत्वाला नेतं, म्हणून त्याचं उत्तर अंतिम धरता येतं, साध्या वाचनाचं नाही. फीडच्या बाजूला पाहायचं ते ब साठी साठलेल्या टिपणांची संख्या शून्यावर आली का, आणि ब्लॉक यादीची जुनी आवृत्ती धरून दाखवलेली एखादी पोस्ट लॉगमध्ये सापडते का. सापडली, तर ज्या वापरकर्तीची ती पोस्ट आहे तिला कळवावं लागतं.